फोटोची बॅग

माझ्या नाकावर राग असतो हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या रागातूनच झालं. बुलढाण्यात आमचं छोटंसं ऑफिस आहे. घर बांधणारे लोक आम्हाला फी देतात आणि आम्ही त्यांच्या बांधकामाचा माल तपासतो. सिमेंट कोणतं आलं, कधीचं आलं, लोखंड कोणत्या प्रतीचं आलं, हे पाहणं माझं काम. डिप्लोमा केल्यापासून मी हेच करते. आधी स्कूटीवर साइट-साइट फिरायचे. नंतर काम वाढलं, तालुके लांबचे, माणसं तेवढीच, म्हणून ऑफिसनं फोटो मागवायला सुरुवात केली. माल उतरला की मिस्त्रीनं किंवा सुपरवायझरनं फोटो पाठवायचा, मी तो खुर्चीत बसून वाचायचा आणि ‘चालेल’ किंवा ‘थांबा’ असं लिहून पाठवायचं.

‘वाचायचा’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. बॅगेच्या छपाईत बरंच काही असतं. मानक चिन्ह, त्याच्या डोक्यावर मानकाचा नंबर, खाली कारखान्याच्या परवान्याचा नंबर. सिमेंटचा प्रकार, वजन पन्नास किलो. ही सगळी पक्की छपाई. पण खरी गोष्ट कडेला, ठिपक्या-ठिपक्यांनी उमटवलेल्या शिक्क्यात. कोणत्या वर्षातल्या, कोणत्या महिन्यातल्या, कोणत्या आठवड्यात ती बॅग भरली ते तिथं कळतं. सिमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं झालं की पुन्हा तपासल्याशिवाय वापरायचं नाही, असा नियम आहे. आणि मध्ये पावसाळा गेला असेल तर मी विचारतसुद्धा नाही, सरळ परत पाठवते. सळईचं तसंच. तिच्या अंगावर कारखान्यात लाटतानाच अक्षरं उठलेली येतात, कंपनीचं नाव, ताकदीचा आकडा, जाडी. थोड्या थोड्या अंतरावर तीच अक्षरं पुन्हा. गंज आणि धूळ बसली की दिसत नाहीत, मग ओल्या फडक्यानं पुसून वर खडू घासला की उठून दिसतात.

हे मी प्रत्येक मिस्त्रीला शिकवलं, आणि प्रेमानं शिकवलं असं अजिबात नाही. फोटो हलला, की फोन. शिक्का सावलीत गेला, की फोन. ‘डोळे आहेत ना तुम्हाला, मग मोबाइललाही द्या जरा,’ असं मी एकाला त्याच्या मजुरांसमोर म्हणाले होते, आणि तो स्पीकरवर होता हे मला नंतर कळलं. वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. फोटो सुधारले ना, म्हणून उलट बरंच वाटलं.

आमच्या दादानं बीबी या गावी घर बांधायला काढलं तेव्हा मिस्त्री त्यानंच ठरवला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, हात स्वच्छ. माल पाहायची जबाबदारी साहजिकच माझी. दादा आणि वहिनी भाजीपाला करतात, टमाटे, वांगी, मेथी. त्यांचा दिवस मळ्यात जातो. दादा म्हणाला, “बाई, मले त्यातलं काही समजत नाई. तू हो म्हनलं की हो.” मी मिस्त्रीला फोन करून नियम सांगितले. प्रत्येक वेळी दोन फोटो, एक बॅगेच्या शिक्क्याचा, एक सळईवरच्या अक्षरांचा. माझा हो आल्याशिवाय काही नाही. तो म्हणाला, “हाव मॅडम.” पहिले दोन फोटो त्यानं अंधारे पाठवले आणि त्याचं जे काय व्हायचं ते झालं. त्यानंतर त्याचे फोटो असे यायला लागले की तसे माझ्या ऑफिसात कुणाचेच येत नव्हते.

संक्रांत झाल्यावर लिंटेलचा, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या पट्टीचा, माल उतरला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचा शिक्का, स्पष्ट, फक्त आकड्यांच्या पोटातून एक आडवी पांढरी रेघ गेलेली. शाई उडवणाऱ्या यंत्राचं एखादं भोक बुजलं की अशी रेघ येते. बारा एमएमची सळई, अक्षरं खडूनं भरलेली, शाळेच्या पाटीवर लिहावीत तशी. मी ‘चालेल’ लिहिलं. मार्चच्या मध्यावर स्लॅबचा दिवस आला. पुन्हा दोन फोटो, तोच आठवडा, तीच पांढरी रेघ. मी म्हटलं, वा, त्याच दिवशीचा माल राखून ठेवलेला दिसतो. तीन महिने झाले नव्हते. नियमात बसत होतं. ‘चालेल.’

स्लॅब ओतून झाला. पंधराव्या दिवशी टेकू काढायचे ठरले. त्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. “काढू देऊ का?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “काढू दे, झाले ना दिवस.” एवढंच. इतकं सोपं असतं ते.

ऑफिसात त्या दिवशी आठ सुपरवायझर बोलावलेले होते, वेगवेगळ्या तालुक्यांतले. त्यांना चांगला फोटो कसा काढतात ते दाखवायचं होतं, आणि दाखवायला माझ्याकडे याहून चांगलं काय असणार? मी दादाच्या घराचे फोटो टीव्हीवर लावले. डावीकडे लिंटेलची बॅग, उजवीकडे स्लॅबची. “पाहा,” मी म्हटलं, “याला म्हणतात फोटो. शिक्का बरोबर मध्ये, ऊन बाजूनं, हात हललेला नाही. आणि तुम्ही? तुमच्या फोटोत बॅग आहे की म्हैस बसलीय ते ओळखायला मला चष्मा बदलावा लागतो.”

ते हसले. शेवटच्या खुर्चीवर खामगावचे एक जुने सुपरवायझर बसले होते, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. ते हसले नाहीत. उठून टीव्हीजवळ आले, चष्मा वर केला आणि दोन्ही फोटोंच्या कडा पाहत राहिले.

“मॅडम, रागावू नका,” ते म्हणाले, “पण ही फोटोची बॅग हाय.”

“फोटोचीच आहे. मग कशाची?”

“तसं नाई. फोटोसाठीची. एक बॅग बाजूले काढून ठेवतात, चांगल्या शिक्क्याची. फळीवर ठेवायची, वरून प्लास्टिक. फोटो मागितला की तिचाच काढायचा.”

मी एकदम तापले. त्यांना समजावायला लागले की शिक्का सारखा आहे कारण माल एकाच दिवशी भरलेला आहे, ती पांढरी रेघ त्याचाच पुरावा आहे, यंत्रातली खोट त्या दिवशीच्या सगळ्या बॅगांवर येते. मी हे अगदी शिक्षिकेच्या सुरात सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“रेघ सगळ्या बॅगांवर येईन, मॅडम,” ते म्हणाले. “कुंकू कसं येईन?”

त्यांनी बोट ठेवलं. डावीकडच्या फोटोत, वरच्या कोपऱ्यात, बॅगेच्या शिवणीजवळ, हळद आणि कुंकवाचं बोट ओढलेलं होतं. कुंकू थोडं खाली ओघळून शिवणीच्या दोऱ्यावर आलेलं. उजवीकडच्या फोटोत तेच. तोच ओघळ, तोच दोरा. दोन महिन्यांचं अंतर, आणि तेच कुंकू. मग त्यांनी सळईचे फोटो मागितले. मी लावले. दोन्ही सळयांच्या टोकाला सारखाच तिरपा काप होता आणि कापाच्या अलीकडे सारखाच गंजाचा ठिपका.

मला ते कुंकू आठवलं. लिंटेलचा माल उतरला त्या दिवशी वहिनीकडे हळदीकुंकू होतं. ताट हातात होतंच, म्हणून तिनं दारात उतरलेल्या पहिल्या बॅगेलाही बोट लावलं, घराचं काम नीट व्हावं म्हणून. तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं. आणि मी? मी फोटो आला की दोन बोटांनी मोठा करायचे आणि शिक्का तेवढा वाचायचे. कडेला काय आहे ते मी कधी पाहिलंच नव्हतं. एवढी शहाणी बाई मी.

“हे सगळ्यांना माहीत आहे?” मी विचारलं. एकजण मोबाइलमध्ये पाहायला लागला. म्हणजे माहीत होतं. सगळ्यांना, मी सोडून.

मग मला आठवलं की बीबीला टेकू निघत असतील. स्लॅबच्या दिवशी खरंच काय ओतलं गेलं हे मला माहीतच नव्हतं. माझ्याकडे होता तो एका न फोडलेल्या बॅगेचा फोटो, बस. दादाला फोन लावला, तो उचलेना. तो फोन घरीच विसरतो, हे मला ठाऊक होतं. मिस्त्रीचा बंद. वहिनीला लावला.

“टेकू काढले का, वहिनी?”

“सकाळपासून काढून राह्यले ना. आतल्या खोलीचे झाले. बाहेरच्या ओसरीचे जेवण झाल्यावर.”

“दादा कुठाय?”

“आतच हाय. झाडून राह्यला.”

“त्याला बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांना बाहेर काढा आणि एकही टेकू काढू देऊ नका. निघालेले सुद्धा परत लावा.”

“काऊन? काय झालं?”

“वहिनी, आधी काढा, मग विचारा.”

ती धावत गेल्याचं फोनमध्ये ऐकू आलं. मग दूर कुठेतरी तिचा आवाज, नेहमीपेक्षा चढा. मग फोन कट झाला. मी आठ माणसांना तिथंच सोडून बस स्टँडवर आले.

बुलढाण्याहून चिखली, चिखलीहून मेहकर, मेहकरहून बीबी. दोनदा बस बदलली आणि तीनही बसमध्ये कंडक्टरशी भांडले, काही कारण नसताना. खिडकीतून गावं जात होती आणि मी फक्त छतं पाहत होते. एका घराच्या ओसरीत एक म्हातारा खाटेवर पडला होता. मी मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले. दादाच्या घरची ओसरीच माझ्या डोळ्यांपुढे येत होती. भिंतीतून पाच फूट बाहेर आलेली, खाली एकही खांब नाही. दादाला खांब नको होते, भाजीच्या क्रेटची गाडी थेट लावता यावी म्हणून. अशा छताला काँक्रीटचाच भरवसा आणि त्याच्यातल्या लोखंडाचा. तो भरवसा खरा की नाही ते टेकू काढल्यावरच कळतं. कधी कधी टेकू काढल्यावर लगेच कळतही नाही. वर दोन माणसं चढली, धान्याची दोन पोती ठेवली, की मग कळतं.

वहिनीचा मेसेज मेहकरला आला. टेकू परत लावले होते.

मी पोहोचले तेव्हा सगळे समोरच्या कडुनिंबाखाली बसले होते. दादा, वहिनी, मिस्त्री, चार मजूर. कुणी जेवलं नव्हतं. घर तिथं उभं होतं, नवं, रंग नसलेलं, आणि सगळे त्याच्याकडे पाहत होते. अंगणात पिसाळलेला कुत्रा येऊन बसावा आणि तो कधी उठेल याची वाट पाहावी, तसे. दादानं मला पाणी दिलं.

मी मिस्त्रीला म्हटलं, “फोटोची बॅग दाखवा.”

त्यानं ‘कोणती’ म्हणून विचारलंसुद्धा नाही. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात फळीवर ती होती, वर प्लास्टिक, त्यावर वीट. प्लास्टिक काढलं. शिक्का वर, कुंकू कोपऱ्यात, बॅग पुसून लख्ख. शेजारी हातभर सळईचा तुकडा फडक्यात गुंडाळलेला. मला रडू आलं, पण मी रडले नाही. ओरडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो खाली पाहत उभा राहिला.

ओरडून काही कळणार नव्हतं. खरा माल कळायचा तर एकच मार्ग होता, रिकाम्या बॅगा. आमच्याकडे सिमेंटची रिकामी बॅग कुणी फेकत नाही. वहिनीनं स्लॅबच्या सगळ्या झटकून, घड्या घालून मळ्यातल्या शेडमध्ये ठेवल्या होत्या, क्रेट झाकायला. मी त्या अंगणात आणायला लावल्या आणि मातीत बसून एक-एक उलगडत शिक्के वाचायला लागले. उन्हात, हातात धरून. फोटो नाही. वहिनी उलगडून देत होती, मी वाचून ढीग लावत होते. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. फेब्रुवारीचा शेवटचा. मार्चचा पहिला. पुन्हा फेब्रुवारी. ढीग वाढत होता आणि माझा श्वास थोडा मोकळा होत होता. ताजा माल होता. माझ्या फोटोतल्यापेक्षाही ताजा. मग त्यानं खोटा फोटो का पाठवला होता?

पन्नासेक बॅगा झाल्यावर वहिनीनं जी दिली ती हाताला वेगळीच वाटली, कडक. शिक्का पुसट होता. तोंडाची वाफ देऊन पदरानं पुसला. जुलै. मागच्या वर्षीचा जुलै. मी बॅग उलटी केली तर तळाच्या कोपऱ्यात सुपारीएवढा गोळा चिकटून होता. बोटांनी दाबला. फुटेना. दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं मारला तेव्हा फुटला.

तशा अठरा निघाल्या.

“हे कुठून आलं?” मी विचारलं. आता माझा आवाज खाली आला होता आणि मला स्वतःलाच त्याची भीती वाटली.

मिस्त्री बोलायला लागला. अडखळत, पण सरळ. स्लॅबच्या दिवशी दुकानातून येणारी दुसरी गाडी आलीच नाही. दुपारी सिमेंट संपत आलं, आतल्या खोल्या झाल्या होत्या, ओसरी राहिली होती. गावात ताजा माल कुठंच नव्हता. त्याच्या दुसऱ्या एका बंद पडलेल्या साइटवर अठरा बॅगा पडून होत्या, मागच्या पावसाळ्यात आणलेल्या. “मधातच थांबवला असता, तर जुन्या-नव्यात जोड पडला असता, मॅडम. तुमीच सांगतलं होतं, जोड पडू देऊ नका. म्हनून आनल्या. गोळे फोडले, चाळणीनं चाळल्या, मंग टाकल्या. थोडं जास्त टाकलं.”

चाळून गोळे जातात. पाणी लागून जो जोर मेला तो चाळणीनं परत येत नाही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि त्या घाईत त्यानं ते बाजूला ठेवलं असेल.

“मग मला विचारायचं ना!” मी म्हटलं.

“इचारलं ना,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे पाहिलं. “त्या दिवशी दुपारी फोन केला तुमाले. म्हनलं, मॅडम, मालाचं जरा बोलायचं होतं. तुमी म्हनल्या, बोलू नका, फोटो पाठवा. फोन ठेवला तुमी. मंग मी सकाळचाच फोटो पुन्ना पाठवला. तुमाले फोटो साफ लागते, म्हनून तर ती बॅग ठेवली होती.”

मी मोबाइल काढून पाहिला. होता तो कॉल. एक मिनिटसुद्धा नव्हता. त्या दुपारी मी दुसऱ्या कुणावर तरी चिडलेली होते, कुणावर ते आता आठवतही नाही. त्याच्या खाली तोच फोटो पुन्हा आला होता, कुंकवाचा, आणि त्याच्या खाली माझं ‘चालेल’.

दादा सगळं ऐकत होता. तो मिस्त्रीवर ओरडेल असं मला वाटलं, निदान माझ्यावर तरी. त्यानं फक्त विचारलं, “ओसरी गेली म्हनजे?”

“उद्या कळेल,” मी म्हटलं.

लोखंड तरी पाहून घेऊ म्हणून मी उरलेल्या सळयांचे तुकडे गोळा केले. पुसले. सगळ्यांवर अक्षरं होती, फोटोतलीच. वहिनीच्या भाजीच्या काट्यावर बारा एमएमचा मीटरभर तुकडा ठेवला, तो आठशे नव्वद ग्रॅमच्या आसपास भरला, म्हणजे बरोबर. दहा एमएमचाही बरोबर. माणूस चोर नव्हता. त्यानं लोखंडात एक ग्रॅम मारला नव्हता. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. चोर असता तर मला रागावता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातला सहकारी हातोडीचं यंत्र घेऊन आला. काँक्रीटवर दाबलं की आतला दांडा आपटून मागे उसळतो, आणि किती उसळला यावरून पृष्ठभाग किती घट्ट ते कळतं. आतल्या खोल्यांचे आकडे चांगले आले, एकसारखे. ओसरीखाली गेलो. पहिला आकडा पाहून त्यानं यंत्र झटकलं आणि पुन्हा मारलं. मग तिसऱ्यांदा. मग जागा बदलून. त्यानं यंत्र माझ्या हातात दिलं. मी मारलं. दांडा जणू गादीत गेला. मी पर्समधली घराची किल्ली काढून छताच्या कडेवर ओढली, आणि वाळूची रेघ पडली. दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर पडते तशी.

नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवायची गरज राहिली नाही. ओसरी पाडायची ठरली. ते काम मिस्त्रीनं स्वतः केलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. टेकू तसेच ठेवून, बाहेरच्या टोकाकडून आत, छिन्नी आणि घण घेऊन. दोन दिवस तो एकटाच पाडत होता. सळया उघड्या पडत गेल्या, अक्षरं असलेल्या, निर्दोष. त्यांच्याभोवतालचं सगळं भुसभुशीत ढिगानं खाली येत होतं.

पाडापाडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि दादा कडुनिंबाखाली बसलो होतो. वहिनीनं भाकरी आणून ठेवली होती. दादानं एक घास खाल्ला आणि हात थांबवला.

“बाई,” तो म्हणाला, “माह्या घराचे फोटो तू पाह्यले. तू माही बहीन म्हनून धावत आली. बाकीच्यायचं काय?”

“कोण बाकीचे?”

“ज्यायच्या घराले तू असंच चालेल म्हनलं ते.”

घण पडत होता, टण् असा आवाज येत नव्हता, नुसता ढप्प.

ऑफिसात परत आले ती सरळ कपाटाकडे गेले. सगळ्या छापलेल्या फोटोंच्या फाइली काढल्या. पहिल्यांदा वाटलं, खराब फोटोंपासून सुरू करावं. मग कळलं, उलटं करायचं. हललेला, अंधारा, घाईत काढलेला फोटो खरा असण्याचीच शक्यता जास्त, कारण तो गाडी उतरता उतरता काढलेला असतो. भीती स्वच्छ फोटोंची होती. ज्यांच्या खाली मी ‘उत्तम’ असं लिहिलं होतं त्यांची. एकेका घराचे दोन-दोन फोटो शेजारी ठेवून मी या वेळी फक्त कडा पाहिल्या. फळीचा कोपरा, दोऱ्याची गाठ, चिमणीची शीट, मागचा माठ. पहिल्याच फाइलीत तीन महिन्यांच्या अंतरानं तोच माठ, तीच गाठ.

चिखलीकडचं घर होतं. मी नंबर लावला. एका बाईंनी उचलला. मी नाव सांगितलं, तर त्या आनंदल्या, म्हणाल्या, तुम्ही फोटो पाहिले म्हणूनच आमचं काम नीट झालं.

“टेकू काढलेत का हो तुम्ही?” मी विचारलं.

“कवाचे काढले, मॅडम. आता तर पंखेही लागले. उन्हाचं बरं वाटते, सगळे खालीच झोपतो आमी, पोरं-सोरं, सासूबाई, सगळे.”

“मी उद्या सकाळी येते,” मी म्हटलं. “तोवर सगळे बाहेर अंगणात झोपा. पोरांना आत जाऊ देऊ नका.”

मग त्यांनी विचारलं, “काऊन, मॅडम?”

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणालाही ‘आधी फोटो पाठवा’ म्हटलं नाही. खुर्चीत बसले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.